दोन टक्के सूट सोडली, तर व्याज किती पडलं?

कल्याण-डोंबिवलीत ज्यांच्या घरी महावितरणचं बिल येतं, त्यांना दर महिन्याला उधारीचा एक छोटासा करार न मागता मिळतो. वीज आधी वापरून झालेली असते, पैसे नंतर द्यायचे असतात. बिलावर रकमा मात्र एकापेक्षा जास्त असतात. एका तारखेपर्यंत भरलं तर थोडी कमी, देय तारखेपर्यंत भरलं तर पूर्ण, आणि ती तारीख उलटली तर थोडी जास्त. कमी आणि पूर्ण यांच्यात फरक वीस-पंचवीस रुपयांचा असतो. तेवढ्यासाठी कोण तारीख पाहतो? बहुतेक घरांत बिल शेवटच्या दिवशी भरलं जातं.

रुपयांत पाहिलं तर त्यात काही चूक नाही. पण हेच वीस रुपये व्याज म्हणून मांडले, तर चित्र वेगळं दिसतं. वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांत वेळेआधी बिल भरणाऱ्याला एक टक्का सूट आहे. ती कर आणि शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर मिळते. घरगुती ग्राहकाला बिल भरायला साधारण २१ दिवस असतात आणि सुटीची तारीख बिल निघाल्यावर आठवडा-दहा दिवसांत येते. समजा, विजेची मूळ रक्कम २,००० रुपये आहे आणि त्यावर १६ टक्के विद्युत शुल्क धरून बिल २,३२० रुपयांचं झालं. सूट मूळ रकमेच्या एक टक्का, म्हणजे २० रुपये. दहाव्या दिवशी भरले तर २,३०० रुपये, एकविसाव्या दिवशी भरले तर २,३२०. म्हणजे २,३०० रुपये अकरा दिवस जास्त आपल्याकडे ठेवण्याचे आपण २० रुपये मोजले. वर्षाच्या हिशेबात हा दर सुमारे २९ टक्के होतो. घरासाठी ही वर्षाला अडीचशे रुपयांची गोष्ट आहे, तिच्यासाठी झोप उडवायचं कारण नाही. कारखान्याला मात्र वीजबिल भरायला पंधराच दिवस मिळतात. तिथे दहाव्या दिवसाची सूट सोडून पंधराव्या दिवशी पैसे भरणारा पाच दिवसांसाठी एक टक्का मोजतो, आणि तो दर शुल्क धरूनही सत्तर टक्क्यांच्या जवळ जातो. विजेची मूळ रक्कम तीन लाखांची असेल तर दर महिन्याला तीन हजार रुपये अशा रीतीने जातात, आणि वर्षाअखेरीच्या खात्यात ते कुठेही ‘व्याज’ म्हणून दिसत नाहीत. ते वीजखर्चात मिसळून गेलेले असतात.

बाजारातली रोखीची सूट, म्हणजे ज्याला व्यापारी ‘सीडी’ म्हणतात, ती हेच करते. फक्त रकमा मोठ्या असतात.

डोंबिवली एमआयडीसीतला टर्निंगचं काम करणारा एक लहान कारखाना डोळ्यांसमोर आणू. कारखाना मनातला आहे, पण असे कारखाने तिथे आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गल्लोगल्ली आहेत. त्याला लोखंडी गोल सळ्या लागतात. त्या कळंबोलीच्या स्टील मार्केटमधल्या व्यापाऱ्याकडून येतात. महिन्याला दोन लाखांचा माल, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६,००० रुपये, एकूण बिल २,३६,००० रुपये. व्यापारी फोनवर सांगतो, “साहेब, दहा दिवसांत टाकलेत तर दोन टक्के कापून घ्या. नाहीतर तीस दिवसांनी पूर्ण द्या.” इंग्रजी पुस्तकांत याच अटीला ‘टू-टेन, नेट थर्टी’ म्हणतात आणि जगभरच्या वाणिज्याच्या पुस्तकांत हेच उदाहरण सापडतं.

आधी जीएसटी बाजूला ठेवून शंभर रुपयांच्या बिलावर हिशेब करू, म्हणजे त्याचे सांधे नीट दिसतील.

शंभर रुपयांचं बिल दहाव्या दिवशी ९८ रुपयांत मिटतं. मालाची रोखीची किंमत खरं तर ९८ रुपयेच आहे. उरलेले दोन रुपये मालाचे नाहीत, ते वेळेचे आहेत. दहाव्या दिवशी पैसे न देता तिसाव्या दिवशी दिले, तर ९८ रुपये वीस दिवस उसने घेतल्यासारखं झालं आणि त्यांचं भाडं दोन रुपये पडलं. इथे बहुतेक जण दोन ठिकाणी घसरतात. एक म्हणजे दोनाला शंभराने भागतात. पण उसने शंभर घेतलेलेच नाहीत, ९८ घेतले आहेत. तेव्हा भागायचं ९८ने, आणि उत्तर येतं २.०४ टक्के. दुसरी चूक मोठी आहे. ती म्हणजे काळ तीस दिवसांचा धरणं. पहिले दहा दिवस दोघांनाही फुकट आहेत. सूट घेणाऱ्यालाही ते मिळतात आणि सोडणाऱ्यालाही. सूट सोडून जास्तीचे मिळाले ते फक्त वीस दिवस.

आता वीस दिवसांचा हा दर वर्षावर न्यायचा. वर्षात असे वीस-वीस दिवसांचे सव्वाअठरा तुकडे बसतात. २.०४ला १८.२५ने गुणलं की ३७.२ टक्के येतात. व्याजावर व्याज धरलं, म्हणजे प्रत्येक तुकड्याचं भाडं पुढच्या तुकड्याच्या मुद्दलात मिळवत गेलं, तर हाच दर ४४.६ टक्क्यांवर जातो. दुकानातल्या निर्णयासाठी पहिला आकडा पुरतो. सूत्र म्हणून लिहायचं तर असं: सूट ÷ (बिल − सूट) × ३६५ ÷ जास्तीचे दिवस. आलेल्या उत्तराला शंभराने गुणलं की टक्के.

‘दोन टक्के’ ऐकायला किरकोळ वाटतात, कारण आपण त्यांची तुलना नकळत बँकेच्या अकरा-बारा टक्क्यांशी करतो. पण बँकेचे अकरा टक्के वर्षाचे असतात आणि हे दोन टक्के वीस दिवसांचे. फूट आणि मीटर शेजारी ठेवून कोणतं लांब ते ठरवू नये, तसंच हे. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याशिवाय इतरांना विनातारण कर्ज दिलं, तर राज्य सरकारने २०१४ साली ठरवून दिलेली व्याजाची कमाल मर्यादा वर्षाला १८ टक्के आहे. सावकार हा शब्द नुसता ऐकला तरी कारखानदार दचकतो. आणि तोच कारखानदार व्यापाऱ्याला त्याच्या दुपटीने व्याज देतो, तेही ‘तीस दिवसांची उधारी मिळाली’ असं समाधानाने सांगत.

आता जीएसटी परत आणू, कारण खऱ्या बिलावर ३७ टक्के येत नाहीत. बहुतेक व्यापारी सीडी मालाच्या मूळ किमतीवर देतात, करावर देत नाहीत. म्हणजे दोन लाखांवर दोन टक्के, ४,००० रुपये. व्यापारी त्याची साधी क्रेडिट नोट देतो, तिच्यात जीएसटीला हात लावत नाही. त्याने ३६,००० रुपये कर पूर्ण भरलेला असतो, म्हणून कारखान्याचं इनपुट क्रेडिटही पूर्ण राहतं. दहाव्या दिवशी द्यायचे २,३२,००० आणि तिसाव्या दिवशी द्यायचे २,३६,०००. उसनी रक्कम आता कराच्या पैशांसकट मोठी झाली, भाडं मात्र तेवढंच राहिलं. ४,००० भागिले २,३२,००० म्हणजे १.७२ टक्के, गुणिले १८.२५ म्हणजे साडेएकतीस टक्के. पुस्तकातल्या ३७ पेक्षा हा आकडा बराच कमी आहे, आणि आपल्याकडे हिशेब याच आकड्यावर करायला हवा. काही व्यापारी जीएसटी धरून क्रेडिट नोट देतात. तेव्हा ४,७२० रुपये कमी द्यावे लागतात, पण त्यातल्या ७२० रुपयांचं इनपुट क्रेडिट कारखान्याला परत करावं लागतं. खरा फायदा तिथेही चार हजारांचाच.

वर्षाचा दर म्हटलं की काहींना वाटतं, हा कागदावरचा आकडा आहे, इतकं व्याज कोण कुठे भरतो? म्हणून वर्षभराचा हिशेब उलट बाजूने मांडून पाहू. दर महिन्याला एक बिल आणि प्रत्येक बिलाची सूट सोडली, तर वर्षात बारा वेळा चार हजार, म्हणजे ४८,००० रुपये गेले. त्याबदल्यात २,३२,००० रुपये वीस-वीस दिवस बारा वेळा, म्हणजे एकूण २४० दिवस वापरायला मिळाले. हीच रक्कम तेवढेच दिवस बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे सीसीमधून, ११ टक्क्यांनी उचलली असती तर व्याज १६,७८० रुपये पडलं असतं. फरक ३१,००० रुपयांच्या वर आहे. एकाच व्यापाऱ्याचं एकच बिल धरून हा फरक आहे. कारखान्याला सळ्यांशिवाय टूल्स, कुलंट, पॅकिंग असं बरंच लागतं.

इथवर गणित एकतर्फी वाटेल, सूट कधीच सोडू नये असं. पण ते एका गृहीतावर उभं आहे. सूट सोडणारा तिसाव्या दिवशी पैसे देतो, असं आपण धरलं. ठाणे, डोंबिवली, भिवंडी, कुठेही बसून बिलांची फाइल चाळली तर हे गृहीत टिकत नाही. तीस दिवसांची उधारी पंचेचाळीस दिवसांवर जाते, साठावर जाते. समोरची मोठी कंपनी कारखान्याचे पैसे थकवते, म्हणून कारखाना व्यापाऱ्याचे थकवतो. आणि या हिशेबात बिलावर छापलेल्या तारखेला काही महत्त्व नाही. पैसे खरोखर ज्या दिवशी जातात, तो दिवस धरायचा.

पैसे पंचेचाळिसाव्या दिवशी गेले तर जास्तीचे दिवस वीस नाहीत, पस्तीस झाले. भाडं तेच चार हजार. दर उतरतो अठरा टक्क्यांवर. साठाव्या दिवशी गेले तर साडेबारा टक्क्यांच्या आसपास येतो. पंच्याहत्तराव्या दिवशी तो दहाच्याही खाली, ९.७ टक्के होतो. सीसी ११ टक्क्यांना पडत असेल, तर सदुसष्टाव्या दिवसापाशी दोन्ही बरोबरीला येतात. त्यापेक्षा उशिरा पैसे देणाऱ्याला व्यापाऱ्याची उधारी बँकेपेक्षा स्वस्त पडते. अनेक कारखानदार हे सूत्र न मांडताही जाणतात. ते आळसाने सूट सोडत नाहीत, त्यांनी मनात सत्तर-ऐंशी दिवस धरलेले असतात.

मग उशीर करत राहावा का? दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

एक, तो स्वस्त दर खरोखर स्वस्त आहे का? ज्या गिऱ्हाइकाचे पैसे पंच्याहत्तर दिवसांनी येतात, त्याला व्यापारी पुढच्या वेळी किलोमागे रुपया-दीड रुपया जास्त सांगतो. तो बोलून दाखवत नाही, भावातच लावतो. लोखंडाचा भाव चढत असला की आधी माल रोखीच्या गिऱ्हाइकाला जातो, उधारीवाल्याला ‘गाडी उद्या निघेल’ असं ऐकायला मिळतं. काहींच्या बिलाच्या तळाशी मुदतीनंतर १८ किंवा २४ टक्के व्याज लागेल अशी ओळ छापलेली असते. ती सहसा वसूल होत नाही, पण वाद पेटला की वकील पहिल्यांदा तीच ओळ दाखवतो. हे सगळं मोजता येत नाही. तरी ते शून्य धरणं हे त्याहून चुकीचं.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे, आणि ती माल कोणाकडून घेतला यावर ठरते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. बँक रेट साडेपाच टक्के असेल तर हे व्याज साडेसोळा टक्के झालं, आणि आयकरात ते खर्च म्हणून वजाही करता येत नाही. शिवाय २०२३च्या वित्त कायद्याने आयकरात भर घातली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. अशा उद्योगाचं बिल मुदतीत चुकवलं नाही, तर त्या खरेदीचा खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी मिळतो. मार्च महिन्यात यामुळे सनदी लेखापालांचे फोन वाजत राहतात.

पण कळंबोलीचा आपला व्यापारी या कायद्याच्या संरक्षणात येत नाही. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. उशिराच्या पैशांवर व्याज मागण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. तोच कारखाना शेजारच्या गल्लीतून प्लेटिंग करून घेत असेल किंवा अंबरनाथच्या एखाद्या लहान फोर्जिंगवाल्याकडून तुकडे घेत असेल, तर तिथे कायदा लागू आहे. तेव्हा पुरवठादारांची यादी दोन भागांत पाडायला हवी. उत्पादन किंवा सेवा देणारा, उद्यम नोंदणी असलेला लहान उद्योग असेल, तर पंचेचाळीस दिवस ही शेवटची हद्द. त्या हद्दीत सूट सोडण्याचा दर अठरा टक्क्यांखाली येतच नाही, आणि सीसी त्याहून स्वस्त आहे. म्हणजे अशा पुरवठादाराने दहा दिवसांसाठी दोन टक्के देऊ केले तर ते घ्यायचेच. विचार करायला जागा उरते ती व्यापाऱ्यांच्या बिलांपाशी.

आता नेहमी निघणारा आक्षेप: “घ्यायची इच्छा आहे हो, पण दहाव्या दिवशी पैसे कुठे असतात?” आक्षेप खरा आहे. सीसीची मर्यादा भरलेली असेल तर ११ टक्के आणि ३१ टक्के यांची तुलना पोकळ ठरते, कारण ११चा पैसाच हाती नाही. पण इथे बँकेच्या मोजणीतली एक बाब कारखानदाराच्या बाजूने असते. सीसीमधून किती उचलता येईल, ती ड्रॉइंग पॉवर, बँक दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून काढते. त्यात गोदामातला माल धरताना ज्याचे पैसे अजून द्यायचे आहेत तो माल वजा होतो. उधारीवर आणलेला माल तुमच्या गोदामात असला तरी बँकेच्या लेखी तो तुमचा नाही. त्या मालाचे पैसे दिले की तो हिशेबात येतो, आणि मार्जिन २५ टक्के असेल तर दिलेल्या पैशांच्या पाऊणपट मर्यादा परत मोकळी होते, अर्थात मंजूर मर्यादेच्या आत. म्हणजे २,३२,००० देण्यासाठी खिशातून कायमचे गुंततात ते सुमारे ५८,०००. हे पुढच्या स्टेटमेंटला दिसतं, त्याच दिवशी नाही. म्हणून सुरुवात एका व्यापाऱ्यापासून, एका बिलापासून करावी लागते. मंजूर मर्यादाच कमी असेल तर मात्र ही वाट बंद आहे, आणि मग बँकेकडे वाढीव मर्यादेसाठी जाताना सोडलेल्या सुटींचा वर्षभराचा आकडा बरोबर न्यावा. बँकेच्या अधिकाऱ्याला तो लगेच कळतो.

व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर बसून पाहिलं तर हेच गणित आरशातल्यासारखं उलटं दिसतं. पैसे वीस दिवस लवकर मिळावेत म्हणून तो दोन टक्के सोडतो. त्यालाही बँक ११ टक्क्यांनी पैसे देत असेल तर वीस दिवसांची किंमत ०.६ टक्के होते. मग तो तिपटीहून जास्त का देतो? वेडा आहे म्हणून नाही. त्याला अनुभवाने माहीत आहे की तीस म्हणजे पंच्याहत्तर. पंच्याहत्तरऐवजी दहाव्या दिवशी पैसे आले तर पासष्ट दिवस वाचले, आणि पासष्ट दिवसांचे ११ टक्क्यांनी १.९६ टक्के होतात. त्याचे दोन टक्के अगदी मोजून मापून आलेले आहेत. त्यात तगादा वाचला, बुडीत जायची धास्ती गेली, हे वरचं.

यातून विकणाऱ्यासाठी एक गोष्ट निघते. सगळ्या गिऱ्हाइकांना सरसकट एकच सूट देऊ नये. जो आधीच तिसाव्या दिवशी न चुकता पैसे देतो, त्याला दहाव्या दिवसासाठी दोन टक्के देणं म्हणजे त्याच्याकडून तीस-पस्तीस टक्क्यांनी कर्ज काढणं. तिथे अर्धा-पाऊण टक्का पुरतो. दोन टक्के राखून ठेवायचे ते साठ-सत्तर दिवस लावणाऱ्यासाठी. पण नेमकं उलटं घडतं. सूट वेळेवर देणाराच घेतो, कारण त्याच्याकडे पैसे असतात.

बऱ्याच ठिकाणी सूट म्हणून सूट नसतेच. व्यापारी दोन भाव सांगतो, रोखीचा एक आणि उधारीचा एक. समजा रोख ६२ रुपये किलो आणि महिन्याच्या उधारीने ६३. वाटतो रुपयाचा फरक. पण ६२वर एक रुपया म्हणजे १.६१ टक्के, तीस दिवसांसाठी. वर्षाचा दर साडेएकोणीस टक्क्यांच्या वर जातो. इथे सूत्र तेच, फक्त रोखीचा भाव म्हणजे मुद्दल आणि दोन भावांतला फरक म्हणजे व्याज. ज्या दुकानात एकच भाव सांगतात तिथे मुद्दाम विचारावं, “आत्ता पैसे टाकले तर काय लावाल?” उत्तर मिळालं की उधारीचा दर आपोआप उघड होतो.

सूट हातातून निसटते ती बहुतेक वेळा गणितात नाही, तारखेत. दहा दिवस कधीपासून मोजायचे? बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून? कळंबोलीहून डोंबिवलीला गाडी त्याच दिवशी येते, पण माल बाहेरच्या राज्यातून येत असेल तर वाटेतच चार-पाच दिवस जातात, आणि मालाची तपासणी होईपर्यंत आणखी दोन. मग दहातले तीन-चारच उरतात. पैसे चेकने दिले तर तारीख चेकवरची धरायची की खात्यात जमा झाल्याची? दहावा दिवस रविवारी आला तर? हे आधी एका ओळीत लिहून घेतलं नाही, तर पंचविसाव्या दिवशी पैसे देऊन चार हजार कापणारा हिशेबनीस आणि ते मान्य न करणारा व्यापारी यांच्यात वर्षभर डेबिट नोटांची टोलवाटोलवी चालते. चार हजारांची ती थकबाकी खात्यात लोंबकळत राहते. आणि वेळेत दिलेल्या बिलांची सूटही व्यापारी मग त्यात अडकवून ठेवतो.

दुसरी अडचण हिशेबाच्या पद्धतीतच आहे. टॅलीत खरेदी नोंदवताना क्रेडिट पिरियडच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ३० टाकतात, कारण बिलावर ३० लिहिलेलं असतं. देणी कोणाची किती आहेत याची यादी काढली की बिल तिसाव्या दिवशी वर येतं. दहावा दिवस त्या यादीत कुठे दिसतच नाही, आणि दिसलाच नाही तर सूट घेणार कोण? ज्या व्यापाऱ्यांच्या अटीत सूट आहे, त्यांच्या बिलांना त्या रकान्यात ३० ऐवजी १० घाला. बिल दहाव्या दिवशी समोर येईल, पैसे असतील तर द्या. आणि दहाव्याच दिवशी द्या. तिसऱ्या दिवशी दिले तर सूट तेवढीच मिळते, सात दिवस मात्र फुकट जातात.